वडिलांच्या खात्याला नॉमिनी नाही आणि बँक म्हणते कोर्टात जा

प्रश्न: वडील 12 एप्रिलला वारले. सरकारी बँकेत त्यांचं एकट्याच्या नावाचं बचत खातं आहे, त्यात 1 लाख 90 हजार आहेत. शिवाय 5 लाख आणि साडेचार लाखांच्या दोन एफडी. कशालाच नॉमिनी लावलेला नाही, मृत्युपत्रही नाही. घरात आई, मी आणि धाकटा भाऊ. बहीण लग्नानंतर कॅनडात असते. आजी (वडिलांची आई) गावी काकांकडे असते. आमच्यात वाद नाही, सगळे पैसे आईला मिळावेत एवढंच आहे. शाखेत म्हणाले, नॉमिनी नाही म्हणजे कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणा, नाहीतर दोन जामीनदार द्या. वकिलांनी सांगितलेला खर्च ऐकून आई घाबरली आहे. दुसरा काही मार्ग आहे का?

उत्तर:

मार्ग आहे, आणि तुमच्या बाबतीत तोच सरळ आहे. तुम्हाला कोर्टात जायची गरज नाही आणि जामीनदारही द्यावे लागत नाहीत. मी बँकेत बरीच वर्षं डिसीज्ड क्लेमचं टेबल सांभाळलं आहे, आणि आजही ओळखीपाळखीच्या लोकांचे असे कागद तपासून देतो. त्यामुळे शाखेतून तुम्हाला असं उत्तर का मिळालं, हेही सांगू शकतो.

रिझर्व्ह बँकेने 26 सप्टेंबर 2025 ला मृत खातेदारांच्या दाव्यांबद्दल नवे निर्देश काढले आणि ते 31 मार्च 2026 पर्यंत लागू करायला सगळ्या बँकांना सांगितलं. त्याआधी सक्सेशन सर्टिफिकेट किती रकमेपर्यंत मागायचं नाही, ही मर्यादा प्रत्येक बँकेचं संचालक मंडळ स्वतः ठरवत असे. कुठे ती लाखभर होती, कुठे पाच लाख, आणि शाखेतल्या माणसाला ती नेमकी ठाऊक असेलच असं नव्हतं. "कोर्टाचा कागद आणा" म्हटलं की त्याच्यावर कुठलीच जबाबदारी येत नसे, म्हणून ते उत्तर सवयीचं झालं. आता व्यापारी बँकांसाठी, म्हणजे सरकारी आणि खासगी दोन्हींसाठी, ही मर्यादा किमान 15 लाख आहे. सहकारी बँकांसाठी किमान 5 लाख. बँकेला वाटलं तर ती याहून वरची मर्यादा ठेवू शकते, खाली आणू शकत नाही. या मर्यादेच्या आतला दावा असेल, वारसांमध्ये वाद नसेल आणि पैसे देऊ नका असा कोर्टाचा आदेश नसेल, तर बँकेने सोप्या पद्धतीने पैसे द्यायचे आहेत. त्यात सक्सेशन सर्टिफिकेट बसत नाही आणि तिऱ्हाइताचा जामीनही बसत नाही.

तुमची बेरीज 11 लाख 40 हजार होते. बँक एकेक खातं सुटं पाहत नाही. वडिलांची त्या बँकेतली सगळी खाती, दुसऱ्या शाखेत काही असेल तर तेही, व्याजासह एकत्र धरून मर्यादा लावते. तरी व्याज धरून तुम्ही 15 लाखांच्या बरेच आत आहात. दुसऱ्या एखाद्या बँकेत त्यांचे पैसे निघाले तर त्या बँकेचा हिशोब वेगळा होईल, तो यात मिळवायचा नाही.

आता कागदांकडे येण्याआधी एका गोष्टीवर थांबू या, कारण असे दावे अडकतात ते बहुतेक इथेच. तुमच्या प्रश्नात आजीचा उल्लेख जाता जाता आलाय. कायद्याने ती तुमच्या आईइतकीच वारस आहे.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याचे पहिल्या वर्गाचे वारस एकाच वेळी आणि समान वाट्याने घेतात. त्यात विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई येते. मुलीचं लग्न झालंय, ती परदेशात राहते, याने काही फरक पडत नाही. मृताचे वडील मात्र या वर्गात नाहीत. म्हणजे तुमच्याकडे पाच वारस झाले: आई, तुम्ही, भाऊ, बहीण आणि आजी. 11 लाख 40 हजारांचे पाच भाग केले तर प्रत्येकी 2 लाख 28 हजार. आई-मुलं एवढेच वारस धरून फॉर्म भरलेले मी कितीतरी पाहिले आहेत. भरणाऱ्याच्या मनात काही नसतं, आजी दुसऱ्या मुलाकडे राहते म्हणून ती डोक्यातच येत नाही. पण त्या फॉर्मवर तुमची आई "याशिवाय अन्य वारस नाहीत" अशी सही करते, आणि पुढे कुणी याकडे बोट दाखवलं तर उत्तर तिला द्यावं लागतं.

घाई करायचं कारणही आजीच आहे. आज तिची एक सही पुरते. उद्या दाव्याआधी तिचं काही बरंवाईट झालं तर तिचा हा 2 लाख 28 हजारांचा वाटा तिच्या वारसांकडे जातो. समजा तिला तुमचे वडील आणि काका असे दोनच मुलगे असतील, आजोबा हयात नसतील, तर त्यातला अर्धा काकांचा आणि अर्धा तुम्हा तीन भावंडांचा, कारण तुम्ही तिच्या आधी गेलेल्या मुलाची मुलं आहात. तुमच्या आईला त्या अर्ध्यातलं काही मिळत नाही, कारण स्त्रीच्या वारसांच्या पहिल्या यादीत आधी वारलेल्या मुलाची विधवा नाही. आत्या असेल तर तीही आली. म्हणजे मग दाव्याच्या कागदावर काकांचीही सही हवी, आणि आजीच्या मृत्यूचा दाखलाही. काका कितीही चांगले असोत, कागद वाढतात आणि महिने जातात.

तेव्हा पहिल्या रविवारी गावी जा. आजीला आणि काकांना समोर बसवून रक्कम सांगा, तिचा वाटा किती होतो तेही सांगा. ती आपणहून सुनेला सोडत असेल तर तिच्याकडून हरकत नसल्याचं पत्र घ्या. तिला तिचा वाटा हवा असेल तर तो तिचा हक्क आहे. तिला दाव्यात सहभागी करा आणि तिचा पाचवा हिस्सा थेट तिच्या खात्यात जाईल असं अर्जात लिहा. सही येत नसेल तर अंगठा चालतो, दोन साक्षीदारांसमोर. आजीला शाखेपर्यंत आणणं जमणार नसेल तर बँकेचा माणूस घरी येऊन अंगठा घेऊ शकतो. तशी विनंती लेखी करा.

(हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांत वाटे वेगळे पडतात. गोव्यात तर नवरा-बायकोच्या सामायिक मालमत्तेतला अर्धा भाग हयात जोडीदाराचा आधीच असतो आणि उरलेल्या अर्ध्याचाच वारसाहक्क निघतो. बँकेचे कागद मात्र सगळीकडे जवळपास हेच.)

आता कागद. बँकेचा ठरलेला क्लेम फॉर्म शाखेत आणि बँकेच्या संकेतस्थळावर दोन्हीकडे मिळायला हवा. नॉमिनी नसलेल्या खात्यांचा वेगळा असतो, तोच घ्या. त्याला मृत्यूचा दाखला, दावेदार आईचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. मृत्यूचा दाखला जिथे मृत्यू झाला तिथल्या नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा असतो, राहत्या गावचा नव्हे. मूळ प्रती चार-पाच काढून ठेवा. दाखल्यावरचं नाव आणि पासबुकावरचं नाव अक्षरशः जुळतंय का ते आजच पाहा. पासबुकावर "दत्तात्रय" आणि दाखल्यावर "दत्ता" असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडा. वडिलांचं पूर्ण नावच चुकलं असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागवू नका, निबंधकाकडून दाखलाच दुरुस्त करून घ्या. तो पुढे घर, गाडी, पेन्शन, सगळीकडे लागणार आहे.

उरले तीन कागद, आणि खरं काम या तीनांचंच आहे.

पहिला, वारस कोण ते सांगणारा. यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा वारस दाखला किंवा कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या त्रयस्थ माणसाचं घोषणापत्र, दोन्हींपैकी काहीही एक चालतं. तुम्ही दुसरा पर्याय घ्या. आपल्याकडे बँकांना दाखवायचा वारस दाखला साधारणपणे दिवाणी न्यायालयातून, 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली काढावा लागतो, म्हणजे पुन्हा कोर्टच. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीच्या फेरफारासाठी असते. ती घेऊन बँकेत गेलेले लोक हात हलवत परत येतात. घोषणापत्र देणारा माणूस दाव्यात हितसंबंध नसलेला हवा आणि बँकेला मान्य हवा. काका नकोत, मामा नकोत. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक, तुमचे नेहमीचे डॉक्टर, वडिलांचे ऑफिसातले जुने सहकारी, असा माणूस बघा, आणि त्याचं त्याच शाखेत खातं असेल तर काम फारच सोपं होतं. त्यालाही कागद वाचून मग सही करू द्या. घोषणापत्रातला मजकूर असा असावा:

"मी मृत खातेदार व त्यांच्या कुटुंबीयांना गेली ... वर्षे ओळखतो. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी व आई असे पाचच वारस आहेत. त्यांची नावे, वये व पत्ते खाली दिले आहेत. याशिवाय त्यांना अन्य कोणीही वारस नाही. या दाव्यात माझा कोणताही हितसंबंध नाही."

खाली तक्ता, आणि त्यात आजीची ओळ ठसठशीत. बँकेच्या छापील नमुन्यात बहुधा असंच असतं, पण वारसांच्या रकाना-संख्येत लोक अडकतात. रकाने चार असतील तर पाचवा वारस जोडपत्रावर लिहा आणि त्यावरही घोषणापत्र देणाऱ्याची सही घ्या.

दुसरा कागद इंडेम्निटी बाँड. हा दावेदाराने, म्हणजे तुमच्या आईने द्यायचा. त्याचा अर्थ एवढाच की उद्या दुसरा वारस उभा राहिला आणि बँकेला त्याला पैसे द्यावे लागले, तर ते आई भरून देईल. या बाँडवर जामीनदार म्हणून बाहेरच्या कुणाची सही बँकेने मागायची नाही; 15 लाखांच्या आत ती मागता येत नाही, हे निर्देशांत स्पष्ट आहे. शाखेत अजूनही जुने छापील फॉर्म पडलेले असतात, त्यात "जामीनदार 1, जामीनदार 2" अशा जागा असतात. तो फॉर्म भरून देऊ नका, नवा मागा. बाँड किती रुपयांच्या मुद्रांकावर करायचा ते शाखेलाच विचारा आणि त्यांनी सांगितलेला आकडा अर्जाच्या तुमच्या प्रतीवर टिपून ठेवा. मुद्रांक कमी पडला म्हणून बाँड पुन्हा करावा लागणं फार होतं.

तिसरा कागद हरकत नसल्याचं पत्र, म्हणजे एनओसी. आई दावा करणार असेल तर उरलेल्या चौघांनी ते द्यायचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण भावंडांचे संबंध पुढे बिघडतात ते या एका पानावरून.

बँकेच्या दृष्टीने एनओसी म्हणजे "या माणसाला पैसे दिले तर माझी तक्रार नाही". बँक पैसे देऊन मोकळी होते. ते पैसे शेवटी कुणाचे, हा वारसांचा आपसातला प्रश्न, आणि त्याचं उत्तर त्या पत्रात काय लिहिलंय यावर बरंचसं ठरतं. काही बँकांच्या नमुन्यात "मी माझा हक्क व हिस्सा सोडत आहे" असं असतं. काहींच्या नमुन्यात नुसतं "रक्कम अमुक यांना देण्यास माझी हरकत नाही". या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. बहिणीला वाटतं, आईने तात्पुरते पैसे घ्यावेत म्हणून मी सही केली. भावाला वाटतं, ताईने वाटा सोडला. दोघंही खरं बोलत असतात.

तुमच्या घरी सगळ्यांची इच्छा एकच आहे की पैसे आईचेच व्हावेत. मग ते तसंच लिहा. बँकेच्या पत्रासोबत एक साधा कौटुंबिक कागद करा: वडिलांच्या अमुक खाते क्रमांकांतली आणि अमुक एफडींमधली आमची रक्कम आम्ही चौघे आईला स्वेच्छेने देत आहोत, त्यावर पुढे हक्क सांगणार नाही. पाचांच्या सह्या, दोन साक्षीदार, तारीख. हा कागद बँकेला द्यायचा नाही, घरी ठेवायचा. आणि कुणाचा विचार बदलला, म्हणजे समजा भाऊ म्हणाला की आईने आत्ता घ्यावेत, माझा वाटा मला नंतर हवा, तर हेही लेखी हवं: "आईने रक्कम सर्वांच्या वतीने स्वीकारावी, माझा हिस्सा अबाधित आहे." याहूनही स्वच्छ मार्ग म्हणजे त्याने एनओसी न देता आईबरोबर दावेदार व्हावं आणि आपला हिस्सा थेट आपल्या खात्यात घ्यावा. जवळच्या नात्यात असे पैसे दिल्याघेतल्यावर आयकर लागत नाही, ती भीती कुणाला असेल तर सोडून द्या.

बहीण कॅनडात आहे, तर तिची एनओसी व्हॉट्सॲपवर सही करून चालणार नाही. तिला दोन रस्ते आहेत. तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन पत्रावर सही साक्षांकित करून घेणं, किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात मान्य होणारं सरकारी प्रमाणन, घेणं. अपोस्टिलच्या करारात कॅनडा जानेवारी 2024 पासून आहे, त्यामुळे दुसरा रस्ताही आता उघडला आहे. पण सही करण्यापूर्वी मजकूर तुमच्या शाखेला दाखवा आणि कुठला साक्षांकनाचा प्रकार त्यांना चालेल ते विचारून घ्या. कुरिअरने आलेला मूळ कागद हातात पडला की ती तारीख लिहून ठेवा. परदेशात झालेल्या दस्तावर मुद्रांक लागत असेल तर तो भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत भरावा लागतो. बहीण दोन-तीन महिन्यांत येणारच असेल तर सगळ्यात उत्तम: पासपोर्ट घेऊन शाखेत जा आणि अधिकाऱ्यासमोर सही करा, बाकी काहीच लागत नाही. तिला उद्या स्वतःचा हिस्सा घ्यायचा झाला तर तो तिच्या एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या, खात्यात जाईल.

तुमच्याकडे सगळे सज्ञान आहेत म्हणून सुटलात. वारसांत अठरा वर्षांखालचं मूल असतं तर त्याच्या वतीने आईने एनओसी देऊन त्याचा वाटा सोडणं बँका मान्य करत नाहीत; त्याचा हिस्सा त्याच्या नावावर ठेवायला सांगतात.

फाइल तयार झाली की शाखेत द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. ही पोच म्हणजे तुमच्या हातातलं एकमेव हत्यार आहे. सगळे कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा आहे, आणि हे 15 दिवस पोच असेल तरच मोजता येतात. बँकेच्या बाजूने उशीर झाला तर त्या उशिराच्या काळासाठी तिने देय रकमेवर, रिझर्व्ह बँक जाहीर करते तो बँक रेट अधिक 4 टक्के दराने व्याज द्यायचं आहे. मात्र "सगळे कागद" या दोन शब्दांवर खेळ होतो. आज एक त्रुटी सांगतात, पुढच्या आठवड्यात दुसरी. म्हणून अर्जातच शेवटी हे वाक्य घाला:

"रिझर्व्ह बँकेच्या 26 सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनुसार रु. 15 लाखांच्या मर्यादेतील हा दावा असून आवश्यक कागदपत्रे सोबत जोडली आहेत. काही त्रुटी असल्यास त्या सर्व एकत्रितपणे लेखी कळवाव्यात."

शाखाधिकाऱ्याशी आवाज चढवून बोलू नका. त्याच्या बाजूने विचार करा: चुकीच्या माणसाला पैसे गेले तर चौकशी त्याची होते. पूर्ण यादी, जुळणारी नावं आणि ओळखीचा घोषणापत्रवाला दिसला की त्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो सही करतो. तरीही "आमच्याकडे सक्सेशनच लागतं" म्हणाला तर ते लेखी मागा. बहुतेकदा लेखी द्यायची वेळ आली की तो विभागीय कार्यालयाला फोन करतो आणि तिथून त्याला नवी मर्यादा कळते. नाहीच झालं तर बँकेच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करा, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला फी नाही, वकील लागत नाही. पोच, त्रुटीपत्र आणि वारसांची यादी स्कॅन करून जोडली की पुरतं.

व्याजाचं म्हणाल तर त्यात तुमचं नुकसान व्हायचं कारण नाही. बचत खात्यावर व्याज चालूच राहतं. एखादी एफडी वडिलांच्या मृत्यूनंतर मुदत संपून पडून असेल तर मुदतीपर्यंत ठरलेला दर आणि त्यानंतर पैसे मिळेपर्यंत, मुदत संपली त्या दिवशीच्या लागू दराने सरळव्याज. जी एफडी अजून चालू आहे ती मोडायला दंड लागत नाही, खातेदाराचा मृत्यू हे त्याला पुरेसं कारण आहे. पण मोडण्याआधी तिचा दर बघा. आजच्यापेक्षा चांगला असेल तर मोडू नका, उरलेल्या मुदतीसाठी आईच्या नावावर करून मागा. आणि पैसे वाटून घ्यायचे ठरलं तरी एफडीचे तुकडे करून वारसांच्या नावे वेगवेगळ्या पावत्या मागता येतात. मुदत आणि एकूण रक्कम तीच राहिली तर बँक ते मुदतपूर्व मोडणं धरत नाही.

दावा मिटेपर्यंत वडिलांच्या कार्डावरून किंवा त्यांच्या मोबाइलवरच्या यूपीआयवरून एक रुपयाही काढू नका. घरखर्चासाठी असो, तेराव्यासाठी असो. खातं मृत माणसाचं आहे, पिन माहीत असणं म्हणजे अधिकार असणं नव्हे. तारखेवार उतारा काढला की ते पैसे कुणी काढले हे दिसतं आणि जो वारस आज एनओसी द्यायला तयार आहे तो उद्या सही करताना थबकतो. वडिलांना पेन्शन असेल तर बँकेला मृत्यू लगेच कळवा. 12 एप्रिलनंतरच्या दिवसांचे जमा झालेले पैसे परत जाणारच आहेत. ते खर्च झाले तर वसुली या दाव्यातून होईल. आईची कुटुंब निवृत्तिवेतनाची फाइल मात्र वेगळी आहे. ते पैसे वारसांत वाटले जात नाहीत, पत्नी म्हणून तिलाच मिळतात, आणि त्यासाठी या दाव्याचा निकाल लागायची वाट पाहू नका.

मग कोर्ट कधी लागतं? एखाद्या वारसाने लेखी हरकत घेतली, वारस कोण यावरच भांडण असलं, किंवा पैसे देऊ नका असा आदेश असला, तर रक्कम दहा हजार असली तरी बँक देणार नाही आणि देऊही नये. रक्कम मर्यादेच्या वर असली तर बँक अधिक मजबूत कागद मागू शकते, जामीनही मागू शकते. अशा वेळी सक्सेशन सर्टिफिकेटसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 च्या कलम 372 खाली, वडील जिथे राहत होते तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा. कोर्ट नोटीस काढतं, जाहीर नोटीस छापली जाते, हरकतींसाठी मुदत असते, आणि कोर्ट फी रकमेवर असते. हे प्रमाणपत्र अर्जात लिहिलेल्या खात्यांपुरतंच असतं. एक एफडी लिहायची राहिली तर तिच्यासाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते.

तुमच्या मार्गातही याचा एक उपयोग आहे: दावा टाकण्याआधी वडिलांचे सगळे पैसे शोधून घ्या. कपाटातल्या पासबुकांवर विसंबू नका. त्यांच्या पॅनवर आयकराच्या संकेतस्थळावर तुम्ही कायदेशीर वारस म्हणून नोंदणी केली की त्यांचं वार्षिक माहिती विवरण दिसतं, आणि त्यात कुठल्या बँकेने किती व्याज दिलं ते नावानिशी येतं. विसरलेली एफडी अशीच सापडते. दहा वर्षांहून जास्त काळ न हललेली खाती udgam.rbi.org.in वर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख घालून शोधता येतात. सापडली तर ते पैसेही त्या बँकेकडेच मागायचे, कागद हेच. गावातल्या पतसंस्थेत ठेव निघाली तर मात्र लक्षात ठेवा, पतसंस्था ही बँक नाही. तिला रिझर्व्ह बँकेचे हे निर्देश लागू नाहीत, तिथे संस्थेचे उपविधी चालतात आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जाते.

क्रम असा ठेवा: आधी विवरण बघून खात्यांची यादी, मग आजीची आणि काकांची भेट, मग बहिणीला मजकूर पाठवणं. सगळ्यात जास्त वेळ बहिणीच्या कागदाला लागेल, म्हणून तो याच आठवड्यात मार्गी लावा. वारसांच्या यादीचा कच्चा मसुदा इथे टाकलात तर मी बघून देईन. खाते क्रमांक आणि आधार क्रमांक मात्र टाकू नका.